विश्लेषण : सरासरी ८१ फ्रेम, तरीही खेळ का अडखळतो?

नवा खेळ, बऱ्यापैकी ताकदीचे ग्राफिक्स कार्ड आणि पडद्याच्या कोपऱ्यात ऐंशीच्या पुढे धावणारा एफपीएसचा आकडा. तरीही दरवाजा उघडला किंवा पहिला स्फोट झाला, की चित्र क्षणभर थिजते आणि मग पुन्हा सुरळीत चालते. मदत मागितली, की सल्ले ठरलेले असतात : 'ड्रायव्हर अपडेट कर', 'सेटिंग कमी कर', 'कॅशे साफ कर'. यातले दोन सल्ले असे आहेत, की त्यांनी हा आजार बरा होण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. तो ओळखायचा असेल, तर एफपीएसऐवजी फ्रेम टाइम पाहावा लागतो. आणि तो नीट पाहिला, की दोष अनेकदा खेळाडूच्या यंत्रात नसून अर्धवट तयारीने विकलेल्या खेळात असल्याचे दिसते.

चांगली तक्रार कशी दिसते?

एक नमुना घेऊ. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी रॅम, खेळ एनव्हीएमई एसएसडीवर, विंडोज ११, १४४ हर्ट्झचा १०८० पी मॉनिटर आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर 566.36. खेळ एका मोठ्या इंजिनवर बनलेला, डायरेक्टएक्स १२ वर चालणारा आणि एकट्याने खेळायचा. म्हणजे इंटरनेटच्या वेगाचा येथे संबंध नाही. आपल्याकडे अशा प्रत्येक अडखळीला सरसकट 'लॅग' म्हणतात. पण लॅग म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला होणारा उशीर. येथे उशीर घरच्याच यंत्रात होतो आहे. त्याला 'स्टटर' म्हणतात.

करून पाहिलेले उपायही तक्रारीत लिहिलेले आहेत. व्ही-सिंक चालू आणि बंद करून पाहिले. ग्राफिक्स 'हाय'वरून 'लो'वर आणले. ओव्हरले बंद केले. ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा टाकला. शेडर कॅशे पुसला. यातील कशानेही अडखळ गेली नाही. उलट शेवटच्या दोन उपायांनंतर ती वाढल्यासारखी वाटली. सोबत ६० सेकंदांची फ्रेम टाइमची नोंद जोडलेली आहे. तक्रारीतला सर्वात मोलाचा भाग तोच, कारण बाकी सर्व वर्णन आहे आणि ही नोंद म्हणजे पुरावा.

एफपीएसचा आकडा कसा फसवतो?

एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती चित्रे तयार झाली, याची सरासरी. फ्रेम टाइम म्हणजे त्यातील प्रत्येक चित्राला किती मिलिसेकंद लागले. ६० एफपीएस म्हणजे एका चित्राला सरासरी १६.७ मिलिसेकंद. पण एका सेकंदात ५९ चित्रे झटपट आली आणि साठावे अर्धा सेकंद अडकून राहिले, तरी मोजणारा '६०' हाच आकडा दाखवतो. डोळ्यांना मात्र तो अर्धा सेकंदच दिसतो.

आपल्या नमुन्यातील नोंद सोपी करून पाहू. बहुतेक चित्रे १२ मिलिसेकंदांत तयार झाली. १४ चित्रांना मात्र ८० ते १८० मिलिसेकंद लागले, सरासरी १२०. या १४ चित्रांनी मिळून १.६८ सेकंद खाल्ले. उरलेल्या ५८.३२ सेकंदांत ४,८६० चित्रे झाली. एकूण ४,८७४ चित्रे, म्हणजे सरासरी ८१ एफपीएस. ते १४ झटके नसते, तर सरासरी ८३ आली असती. म्हणजे खेळण्याची सगळी मजा घालवणाऱ्या दोषाने सरासरी फक्त दोनने खाली आणली.

अनुभवी खेळाडू म्हणतील, सरासरी कशाला पाहता, 'वन पर्सेंट लो' पाहा. पण तो आकडाही येथे दगा देऊ शकतो. काही साधने सर्वात संथ एक टक्का चित्रे बाजूला काढतात आणि त्या सीमारेषेवरचे मूल्य देतात. येथे एक टक्का म्हणजे साधारण ४९ चित्रे. झटके १४ च आहेत, त्यामुळे सीमारेषेवर साधे १२ मिलिसेकंदांचे चित्र येते आणि उत्तर मिळते ८३. दुसरी साधने त्याच ४९ चित्रांची सरासरी काढतात. तिथे उत्तर येते २३. नोंद एकच, नावही एकच, पण एक आकडा म्हणतो सारे आलबेल आहे आणि दुसरा म्हणतो खेळण्यासारखी स्थिती नाही. म्हणून आकडा सांगण्याऐवजी आलेख किंवा मूळ फाइलच जोडणे शहाणपणाचे.

ही दृष्टी तशी नवी नाही. 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळाचे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये 'इनसाइड द सेकंड' या लेखात सरासरी एफपीएसच्या जागी प्रत्येक चित्राचा वेळ मोजायला हवा, असे मांडले. त्यानंतर कार्डांच्या परीक्षणात फ्रेम टाइमचे आलेख रुळले. खेळाच्या खोक्यावर आणि जाहिरातीत मात्र अजूनही एफपीएसच मिरवतो.

नोंद घ्यायची कशी?

विंडोजवर यासाठी इंटेलचे प्रेझेंटमॉन हे मोफत, मुक्तस्रोत साधन आहे. ते कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालते. खिडकी आणि बटणे हवी असतील तर कॅपफ्रेमएक्स वापरता येते. तेही आतून प्रेझेंटमॉनच्याच आधारे मोजते. आज्ञा देऊन नोंद घ्यायची असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून साधारण असे लिहावे लागते. डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांकही असतो. तो आणि खेळाच्या फाइलचे नाव आपापले घालायचे.

```
PresentMon.exe --process_name Game.exe --output_file run1.csv --timed 60 --terminate_after_timed
```

तयार झालेली फाइल एक्सेलमध्ये उघडते. प्रत्येक ओळ म्हणजे एक चित्र. प्रेझेंटमॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील दोन रकाने पुरेसे आहेत : `FrameTime` म्हणजे एकूण लागलेला वेळ आणि `GPUBusy` म्हणजे त्यातील किती वेळ ग्राफिक्स कार्ड खरोखर काम करत होते.

एक पथ्य पाळावे. नोंद घेताना मेन्यू उघडू नये, खेळ सेव्ह करू नये, दुसऱ्या खिडकीत जाऊ नये. तेथेही झटके येतात आणि खऱ्या दोषात मिसळतात. एक ठरावीक वाट घ्यावी आणि प्रत्येक वेळी तीच चालावी. पुढचे सारे निदान याच शिस्तीवर उभे आहे.

सेटिंग कमी करून फरक का पडला नाही?

नमुन्यातील खेळाडूने ग्राफिक्स 'लो'वर आणले, तेव्हा साधे चित्र १२ ऐवजी ८ मिलिसेकंदांत होऊ लागले. सरासरी ८१ वरून १२१ च्या पुढे गेली. पण ते १४ झटके होते तिथेच, होते तेवढेच राहिले. आधी झटका साध्या चित्राच्या दहापट होता, आता पंधरापट झाला. आजूबाजूचे सारे अधिक गुळगुळीत झाल्यामुळे खड्डा अधिकच जाणवू लागला. आकडा चांगला झाला, अनुभव नाही.

यातून एक गोष्ट कळते. अडचण कार्डाच्या ताकदीची असती, तर काम हलके केल्यावर झटकेही लहान झाले असते. नोंदीतील झटक्याची एक ओळ पाहिली, की खात्री पटते. `FrameTime` १४२ आणि `GPUBusy` फक्त ९. म्हणजे १४२ पैकी १३३ मिलिसेकंद कार्ड रिकामे बसले होते. त्याच्यापर्यंत कामच पोहोचले नाही. काम अडले होते प्रोसेसरच्या बाजूला. अशा वेळी नवे, महागडे कार्ड घेण्याचा सल्ला म्हणजे स्वयंपाकी भाजी चिरत बसलेला असताना मोठी शेगडी विकत आणण्यासारखे.

प्रोसेसर तेव्हा काय करत असतो?

पडद्यावरची प्रत्येक गोष्ट, म्हणजे धातूची चमक, पाणी, धूर, कातडी, शेडर नावाच्या छोट्या प्रोग्रामने रंगते. खेळासोबत हे शेडर अर्धकच्च्या रूपात येतात. कार्डाला ते थेट समजत नाहीत. ड्रायव्हर ते त्या विशिष्ट कार्डाच्या भाषेत बदलतो. या कामाला कंपाइल करणे म्हणतात आणि ते प्रोसेसरवर होते. एखादा धूर प्रथमच दिसायचा असतो, त्या क्षणी त्याचा शेडर तयार नसेल, तर खेळ थांबतो, शेडर कंपाइल होतो आणि मगच चित्र पुढे सरकते. ते थांबणे म्हणजेच हा झटका. एकदा तयार झालेला शेडर डिस्कवरील कॅशेत ठेवला जातो, त्यामुळे तोच धूर दुसऱ्यांदा अडवत नाही.

कंपाइल झालेला हा साठा त्या कार्डापुरता आणि बहुतेकदा त्या ड्रायव्हरपुरताच चालतो. ड्रायव्हर बदलला, की जुना साठा सहसा निरुपयोगी होतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर आणि कॅशे पुसल्यावर या खेळाडूचा त्रास वाढला. विंडोजच्या डिस्क क्लीनअपमधील 'डायरेक्टएक्स शेडर कॅशे' ही ओळही जागा रिकामी करण्याच्या नावाखाली असाच साठा काढते. कॅशे खरोखर बिघडला असेल, तर तो पुसणे योग्य. पण प्रत्येक अडखळीवर तोच उपाय सांगणे म्हणजे रोज सकाळी भांडी घासून ठेवायची आणि रोज संध्याकाळी ती फोडायची.

निदान पक्के कसे करायचे?

कार्ड रिकामे बसल्याचे दिसले, म्हणजे शेडरच दोषी असे लगेच ठरत नाही. पुढच्या भागाचा नकाशा, वस्तू आणि पात्रे मेमरीत आणतानाही प्रोसेसरची अशीच कोंडी होते. त्याला 'ट्रॅव्हर्सल स्टटर' म्हणतात, म्हणजे चालता चालता येणारा अडथळा. आलेखात दोन्ही झटके सारखेच दिसतात. फरक कळतो तो दुसऱ्या फेरीत.

पहिली फेरी नोंदवून झाली, की खेळ लगेच पुन्हा सुरू करू नये. आधी संगणक रीस्टार्ट करावा. कारण विंडोज नुकत्याच वाचलेल्या फाइली रॅममध्ये धरून ठेवते. लगेच दुसरी फेरी मारली, तर नकाशाही भराभर येतो आणि दोन्ही कारणे मिसळतात. रीस्टार्टनंतर रॅम रिकामी होते, पण शेडरचा साठा डिस्कवर शाबूत राहतो. आता तीच वाट, तोच दरवाजा, तोच स्फोट. १४ पैकी बहुतेक झटके नाहीसे झाले, तर ते शेडरचे होते. तेच झटके त्याच वळणांवर पुन्हा आले, तर ते ट्रॅव्हर्सलचे. नमुन्यातील नोंदीत दुसऱ्या फेरीत १४ पैकी दोनच झटके उरले आणि तेही एका लांबलचक पुलाच्या शेवटी, जिथे नवा भाग सुरू होतो. म्हणजे बारा शेडरचे, दोन ट्रॅव्हर्सलचे.

दोष खेळाडूच्या यंत्रात असण्याच्या शक्यताही तपासायला हव्यात, आणि येथे तक्रारीतील यादी कामी येते. कार्डाची मेमरी ६ किंवा ८ जीबी असेल, तर ती भरून वाहिल्यानेही झटके येतात. ते खेळत राहिल्यावर कमी होण्याऐवजी वाढतात आणि फक्त टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणली तरी थांबतात. येथे १२ जीबी आहे आणि १०८० पीवर ती पुरते. रॅमची एकच पट्टी असेल, तर प्रोसेसर सर्वत्रच मंदावतो. येथे दोन आहेत. खेळ जुन्या हार्ड डिस्कवर असेल, तर नकाशा आणताना हमखास अडखळ. येथे एसएसडी आहे. म्हणून यंत्राची माहिती नुसती 'चांगला गेमिंग पीसी' अशी न देता नावानिशी द्यावी लागते. तिच्यामुळे एकेक संशयित बाजूला करता येतो.

या नोंदीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. खेळाने चित्र केव्हा पुढे सोपवले, हे तिच्यात कळते. त्या चित्रातील हालचाल योग्य क्षणाची होती का, हे फ्रेम टाइमवरून कळत नाही. त्यामुळे आलेख सपाट असूनही एखादा खेळ किंचित थरथरल्यासारखा दिसू शकतो. सपाट आलेख म्हणजे निर्दोष खेळ, असे नाही. पण आलेखात उंच झटका असेल, तर तो खेळाडूचा भास नक्कीच नाही.

जबाबदारी कोणाची?

येथे खेळ बनवणाऱ्यांची बाजू समजून घ्यायला हवी. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्समध्ये हार्डवेअर ठरलेले असते, त्यामुळे शेडर कारखान्यातूनच तयार करून पाठवता येतात. पीसीवर कार्डे असंख्य आणि ड्रायव्हर त्याहून अधिक. प्रत्येक जोडीसाठी वेगळा साठा पाठवणे एकट्या स्टुडिओला जमणारे नाही. शिवाय डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये शेडर केव्हा तयार करायचे, हे ठरवण्याचा भार ड्रायव्हरकडून बऱ्याच अंशी खेळाच्या प्रोग्रामरकडे आला आहे. मोठ्या इंजिनांत चित्रकार नवनवी मटेरियल बनवतात आणि त्यांच्या जोड्या हजारोंनी वाढतात. कोणती जोडी केव्हा लागेल, हे आधी ओळखणे खरोखर अवघड आहे.

अवघड आहे, पण अशक्य नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल' पीसीवर अडखळतो, अशी ओरड पहिल्याच दिवशी झाली आणि शेडरची तयारी सुधारणारे अपडेट लगोलग आले. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन'ने उलटी वाट धरली. पहिल्यांदा उघडताच सारे शेडर तयार करायला घेतले आणि त्या दीर्घ प्रतीक्षेवर लोक चिडले. व्हॉल्व्ह कंपनी स्टीम डेकसाठी तयार शेडर खेळासोबत पाठवते, कारण तिथे हार्डवेअर एकसारखे आहे. अनरिअल इंजिनने ५.१ आवृत्तीपासून लागणारे शेडर आधीच ओळखून तयार ठेवण्याची सोय आणायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनेही २०२५ मध्ये तयार शेडर डाउनलोडसोबतच देण्याची योजना एक्सबॉक्स ॲलाय या हातातल्या यंत्रांपासून सुरू केली. तेव्हा वाट माहीत आहे. ती चालायला वेळ आणि चाचणी लागते, आणि प्रकाशनाची तारीख जवळ आली, की सर्वात आधी कापली जाते ती नेमकी हीच चाचणी.

चाचणीत हा दोष सुटून जाण्याचे एक साधे कारणही आहे. स्टुडिओतील माणूस तोच भाग शंभर वेळा खेळलेला असतो. त्याच्या यंत्रात सारे शेडर कधीच तयार होऊन बसलेले असतात. पहिली फेरी, जी ग्राहक खेळतो, ती त्याने महिन्यांपूर्वी खेळून संपवलेली असते. रोज एक तरी यंत्र रिकाम्या कॅशेने चालवून पाहणे हा त्यावरचा इलाज आहे. तो खर्चिक नाही, फक्त कंटाळवाणा आहे. हा कंटाळा टाळण्याची किंमत काही हजार रुपये मोजणाऱ्या ग्राहकाने, तेही पहिल्याच रात्री, का द्यावी?

खेळाडूने काय करावे?

अडखळ शेडरची असेल, तर सेटिंगशी झटापट थांबवावी. खेळ सुरुवातीला शेडर तयार करण्याचा पडदा दाखवत असेल, तर तो पूर्ण होऊ द्यावा. 'स्किप' दाबले, तर वाचवलेला वेळ पुढे हप्त्याहप्त्याने वसूल होतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशेची मर्यादा वाढवता येते. अनेक मोठे खेळ एकाच वेळी टाकलेले असतील, तर त्याने जुना साठा लवकर पुसला जात नाही. खेळ सुरळीत चालू असेल, तर निव्वळ नवा आला म्हणून अर्ध्या वाटेवर ड्रायव्हर बदलू नये. ट्रॅव्हर्सलच्या झटक्यांवर मात्र ग्राहकाच्या हाती फारसे काही नाही. फ्रेमवर मर्यादा घालून आजूबाजूची गती एकसारखी केली, तर खड्डा थोडा कमी खुपतो, इतकेच.

आणि पैशांचा प्रश्न उरतोच. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर खेळ परत करता येतो. शेडर तयार होण्याचा पडदा खेळाच्या आतच दिसत असेल, तर तो वेळही त्या दोन तासांतच मोजला जातो. सेटिंग बदलत आणि ड्रायव्हर काढत-घालत बसलेला ग्राहक ही मुदत नकळत ओलांडून जातो. त्यापेक्षा पहिल्या तासातच एक फेरी, एक रीस्टार्ट आणि दुसरी फेरी करावी. दोन फाइली, यंत्राची यादी, ड्रायव्हरचा क्रमांक आणि अडखळ आली ती जागा, एवढे बनवणाऱ्यांकडे पाठवले, तर 'तुमचा पीसी तपासा' हे उत्तर देणे त्यांना अवघड जाते. दुसऱ्या फेरीतही खेळ खेळण्यासारखा नसेल, तर तो घड्याळ संपण्याआधी परत करावा आणि दुरुस्त झाल्यावर पुन्हा घ्यावा. तोवर तो स्वस्तही झालेला असण्याची शक्यता असते.